एकाच विक्रीतली तीन खोटी विधानं: करार रद्द होतो कशाने आणि भरपाई मिळते कशाने

फसलेला माणूस वकिलाकडे येतो तेव्हा त्याच्या मनात एकच शब्द असतो: फसवणूक. कायद्यात मात्र दोन शब्द आहेत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मध्ये कपट आहे आणि कलम १८ मध्ये चुकीचं निवेदन. दोन्हींमुळे करार रद्द करता येतो. फरक त्यानंतर येणाऱ्या पैशांत आहे. पाठ्यपुस्तकात तो एका ओळीत उरकतात: चुकीच्या निवेदनात फक्त करार रद्द करण्याचा हक्क, कपटात त्याशिवाय नुकसानभरपाईही. ही ओळ ढोबळमानाने बरोबर आहे. पण एकाच व्यवहारात दोन्ही प्रकार मिसळलेले असले की ती अपुरी पडते. मी चालवलेलं असं एक प्रकरण इथे मांडतो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

खरेदीदार बाई एका हॉटेलात हाउसकीपिंगची जबाबदारी सांभाळत होत्या. पगार ३८,००० रुपये. चादरी, टॉवेल, धुलाईचा हिशेब हे सगळं अंगवळणी पडलेलं, म्हणून स्वतःची लाँड्री घ्यायची असं त्यांनी ठरवलं. भाड्याच्या शेडमध्ये चालू असलेली एक औद्योगिक लाँड्री विकायला निघाली होती. तिथे मोठी वॉशिंग मशीन, ड्रायर, बॉयलर आणि स्वतःची बोअर होती. ग्राहक म्हणजे एक रुग्णालय आणि काही लॉज.

विक्रेत्यांनी ही लाँड्री अवघ्या सात महिन्यांपूर्वी, एप्रिलच्या मध्यावर, आपल्या भावाकडून ताब्यात घेतली होती. त्या वर्षी वळवाचा पाऊस लवकर सुरू झाला होता. थोडक्यात, कोरडा उन्हाळा त्यांनी तिथे पाहिलाच नव्हता. पुढे हा तपशील फार महत्त्वाचा ठरला.

किंमत ठरली ४२ लाख. यातले २० लाख यंत्रांचे आणि २२ लाख चालू धंद्याचे, म्हणजे गुडविलचे. हा २२ चा आकडा हवेतून आला नव्हता. बाईंच्या सीएंनी जीएसटीची विवरणपत्रं पाहून महिन्याची उलाढाल सरासरी ५.४ लाख आणि निव्वळ नफा १.१ लाख काढला. दोन्ही बाजूंनी नफ्याची वीसपट मान्य केली. १० नोव्हेंबरला सही झाली. ३० लाख त्याच दिवशी दिले गेले, त्यातले १५ लाख कर्जाचे. उरलेल्या १२ लाखांसाठी दोन-दोन लाखांचे सहा पुढच्या तारखांचे चेक दिले, पहिला १५ फेब्रुवारीचा.

बोलणी तीन बैठकांत झाली. त्यात विक्रेत्यांनी सांगितलेल्या तीन गोष्टींवर पुढे सगळं प्रकरण फिरलं.

पहिली: महिन्याला साडेसहा लाखांचा धंदा आहे.

दुसरी: बोअरला बारा महिने पाणी आहे, ताशी चार हजार लिटर कुठे गेलं नाही.

तिसरी: रुग्णालयाचा करार अजून दोन वर्षं चालू आहे. सोबत त्यांनी कराराची प्रतही दाखवली, आणि तिच्यावर मुदत खरोखरच तेवढी होती.

प्रश्न कधी उभा राहिला

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रुग्णालयाने कपडे देणं थांबवलं. ९ तारखेला बाई तिथे विचारायला गेल्या तेव्हा भांडार अधिकारी म्हणाले, "आम्ही तर ऑक्टोबरातच कळवलंय, मॅडम. तीन महिन्यांची नोटीस दिली होती." ५.४ लाखांच्या उलाढालीत रुग्णालयाचे २.४ लाख होते.

मार्च उजाडला तसा बोअरनेही दगा दिला. सकाळी पाणी यायचं, दुपारनंतर पंप हवा ओढायचा. टँकर सुरू झाले. कपडे उशिरा पोचायला लागले आणि एक लॉज सुटला.

मार्चच्या मध्यावर बाई माझ्याकडे आल्या. सोबत दुसऱ्या एका वकिलांनी लिहून दिलेल्या नोटिशीचा मसुदा होता. त्यात तिन्ही विधानांना सरसकट कपट म्हटलं होतं, ३२ लाख परत मागितले होते आणि वर २० लाखांची भरपाई. बाईंचं म्हणणंही तेच होतं: "वकीलसाहेब, तो माणूस सगळंच खोटं बोलला. पोलिसांत देऊ या."

मी मसुदा बाजूला ठेवला आणि एकेक विधान वेगळं घेतलं.

उलाढालीचं विधान

हे सगळ्यात आधी सोडून दिलं. साडेसहा लाख खोटं होतं, बहुधा जाणूनबुजून. पण बाईंनी त्यावर भरवसा ठेवलाच नव्हता. सीएंनी विवरणपत्रं पाहिली, ५.४ चा आकडा काढला आणि किंमत त्यावर ठरली. कलम १९ च्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की ज्या कपटामुळे किंवा निवेदनामुळे संमती मिळाली नाही, त्यामुळे करार रद्द करता येत नाही. कलमाखालचं उदाहरणही जवळजवळ हेच आहे: नीळ कारखान्यात वर्षाला ५०० मण नीळ होते असा समज करून दिला, खरेदीदाराने वह्या तपासल्या, त्यात ४०० मणच दिसली, तरी त्याने कारखाना घेतला. त्याला करार मोडता येत नाही.

बाईंना हे पटायला वेळ लागला. खोटं ते खोटंच, असं त्या म्हणत होत्या, आणि माणूस म्हणून ते बरोबरही आहे. पण हे विधान दाव्यात ठेवलं असतं तर उलटतपासणीतला पहिला प्रश्न तिथेच आला असता आणि बाकीच्या दोन खऱ्या तक्रारींची धार बोथट झाली असती.

पाण्याचं विधान

इथे मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला. विधान चुकीचं होतं, त्यावर भरवसा ठेवला गेला, नुकसान झालं. पण बोलणाऱ्याचा त्यावर विश्वास होता का? कपट आणि चुकीचं निवेदन यांतली सीमारेषा हीच आहे. कलम १७ ला असं विधान लागतं की जे खरं आहे असं बोलणारा स्वतः मानत नाही. कलम १८ च्या पहिल्या पोटकलमात बोलणारा ते खरं मानतो, पण इतक्या ठामपणे सांगावं एवढी माहिती त्याच्याजवळ नसते.

भावाने विक्रेत्यांना पाठवलेला एक मेसेज पुढे समोर आला: "पाण्याची काळजी नाही, बारा महिने आहे." शिवाय धंदा विकायचा विचार येण्याआधी विक्रेत्यांनी स्वतः आणखी एका वॉशिंग मशीनसाठी आगाऊ रक्कम भरली होती. पाणी आटणार हे ठाऊक असलेला माणूस तसं करत नाही. त्यांनी कोरडा उन्हाळा पाहिलेला नव्हता, भावाच्या शब्दावर ते ठामपणे बोलले. हे कलम १८ आहे.

इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सचा डेरी विरुद्ध पीक हा १८८९ चा निवाडा इथे नेहमी वाचला जातो. खरं-खोटं याची फिकीर न करता बेदरकारपणे केलेलं विधानही कपटच, असं त्यात म्हटलं आहे. त्या वाटेने पाण्याचं विधान कपटात बसवता येईल का, हा विचार मी केला. पण त्याच निवाड्यात हेही आहे की प्रामाणिक विश्वास असेल, तर तो कितीही अपुऱ्या आधारावर असला तरी कपट होत नाही. ट्राम कंपनीच्या संचालकांनी वाफेचं इंजिन वापरायची परवानगी गृहीत धरून माहितीपत्रक काढलं होतं. ते निष्काळजी ठरले, पण कपटी ठरले नाहीत. आमचे विक्रेतेही पाण्याबाबत त्याच जागी उभे होते.

दुसरी अडचण अधिक बोचरी होती. कलम १९ ला एक अपवाद आहे: संमती चुकीच्या निवेदनाने किंवा कपटी मौनाने मिळवलेली असेल आणि दुसऱ्या बाजूला साधारण काळजी घेऊन सत्य शोधता येण्यासारखं असेल, तर करार रद्द करता येत नाही. बोअरची चाचणी नोव्हेंबरमध्ये घेऊन काही कळलं नसतं, तेव्हा पाणी वरच असतं. पण भावाच्या काळातल्या खर्चाच्या वहीत एप्रिल-मेमध्ये 'पाणी' या नावाखाली रकमा होत्या. वही टेबलावर होती. ती कुणी उघडली नाही. एकट्या पाण्याच्या जोरावर करार रद्द करायला गेलो असतो, तर ही वही आमच्याविरुद्ध उभी राहिली असती.

रुग्णालयाचं विधान

लाँड्रीचा ईमेल आयडी विक्रीबरोबर बाईंकडे आला होता. त्यांच्या भाचीने जुने संग्रहित मेल चाळले आणि २९ ऑक्टोबरचा रुग्णालयाचा मेल सापडला. तीन महिन्यांची नोटीस, करार संपवत आहोत. त्याखाली विक्रेत्यांचं दुसऱ्या दिवशीचं उत्तर होतं: नोटीस मिळाली, फेरविचार करावा. सही १० नोव्हेंबरची, आणि शेवटची बैठक ६ नोव्हेंबरची. त्या बैठकीत करार दोन वर्षं चालू आहे असं सांगून प्रत दाखवली गेली होती.

हे कलम १७ च्या पहिल्या पोटकलमातही बसतं आणि दुसऱ्यातही. असत्य आहे हे ठाऊक असताना ते सत्य म्हणून सांगितलं, आणि माहीत असलेली गोष्ट दडवली. नुसतं गप्प बसणं सहसा कपट होत नाही. पण मुदतीचा कागद पुढे करून ती मोडल्याची नोटीस मागे ठेवणं हे गप्प बसणं नव्हे.

विक्रेत्यांचे वकील पुढे म्हणाले की बाईंनी रुग्णालयात एक फोन केला असता तरी कळलं असतं. खरं आहे, पण कायद्यात त्याचा उपयोग नाही. काळजी घेण्याचा अपवाद चुकीच्या निवेदनाला आणि मौनाच्या कपटाला लागतो, तोंडाने सांगितलेल्या जाणत्या खोट्याला लागत नाही. तू माझ्यावर विश्वास ठेवायलाच नको होतास, हा बचाव कपट करणाऱ्याला मिळत नाही.

पर्याय आणि त्यांचे आकडे

आता दोन वाटा होत्या आणि दोन्ही एकदम धरता येत नव्हत्या. करार रद्द करून लाँड्री परत द्यायची, किंवा करार कायम ठेवून पैसे मागायचे.

कायम ठेवण्याच्या वाटेवर कलम १९ चा दुसरा परिच्छेद आहे, आणि पाठ्यपुस्तकातली ती एक ओळ इथे कमी पडते. या परिच्छेदानुसार फसलेला पक्ष करार पाळायला लावू शकतो आणि विधान खरं असतं तर आपण ज्या स्थितीत असतो त्या स्थितीत आणून ठेवा, असं म्हणू शकतो. आणि हे कपट व चुकीचं निवेदन या दोन्हींना लागू आहे. म्हणजे चुकीच्या निवेदनात रद्द करण्यापलीकडे काहीच नाही, असं आपल्या कायद्याच्या शब्दांवरून म्हणता येत नाही. कायद्यातलं उदाहरण गहाणाचं आहे: मिळकत बोजारहित आहे असं सांगून विकली तर खरेदीदार करार मोडू शकतो, किंवा तो कायम ठेवून गहाण फेडायला लावू शकतो. गहाण फेडता येतं, पण आटलेल्या बोअरला पाणी आणता येत नाही. तिथे 'त्या स्थितीत आणणं' म्हणजे पैसेच द्यावे लागतील, असा युक्तिवाद मी करू शकत होतो. तो टिकेलच अशी खात्री बाईंना देणं मात्र प्रामाणिक झालं नसतं.

रुग्णालयाबाबत या परिच्छेदाचा फायदा वाटला त्यापेक्षा लहान निघाला. विधान खरं असतं तर बाईंना काय मिळालं असतं? तीन महिन्यांच्या नोटिशीवर कधीही मोडता येणारा करार. दोन वर्षांचा पूर्ण नफा मागणं म्हणजे कागदावर जे नव्हतं ते मागणं झालं असतं.

कपटाच्या भरपाईचं माप वेगळं असतं. तिथे विधान खरं असतं तर काय मिळालं असतं असं विचारत नाहीत, हा व्यवहार झालाच नसता तर तुमची स्थिती काय असती असं विचारतात. सीएंनी हिशेब केला: रुग्णालयाच्या २.४ लाखांतून साबण, इंधन, वाहतूक वजा जाता ८४,००० उरायचे. ते गेल्यावर नफा १.१ लाखांवरून २६,००० वर येतो. त्याची वीसपट ५.२ लाख, अधिक यंत्रांचे २० लाख. म्हणजे ४२ लाखांना घेतलेली वस्तू खरं तर २५.२ लाखांची होती. फरक १६.८ लाख. लाँड्री ठेवायची असती तर उरलेले १० लाख न देता वर ६.८ लाख मागायचे, असा तो दावा झाला असता.

कागदावर हा पर्याय मोहक होता. पण पाण्यामुळे तो २६,००० चा नफाही उन्हाळ्यात उरत नव्हता. बाई दोन दिवस विचार करून आल्या आणि म्हणाल्या, "मला ती जागा नको. माझे पैसे परत द्या आणि माझं गेलेलं वर्ष मोजा."

टँकरचं बिल कुणी भरायचं

करार रद्द करायचं ठरल्यावर या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटलेला प्रश्न आला. टँकरवर जूनपर्यंत १,१२,००० रुपये गेले. पाण्याचं विधान कपट नव्हतं. मग ही रक्कम मागता येते का?

केवळ पाण्याचं विधान असतं तर उत्तर अवघड होतं. करार रद्द, किंमत परत, एवढं निश्चित. कलम ७५ म्हणतं की योग्य कारणाने करार रद्द करणाऱ्याला करार पूर्ण न झाल्याने झालेल्या नुकसानीची भरपाई मिळते, आणि ते कलम कपट व निवेदन असा भेद करत नाही. तेवढा एक धागा आहे. पण त्या कलमाचं उदाहरण ठरलेल्या रात्री गायला न आलेल्या गायिकेचं आहे, म्हणजे वचन न पाळण्याचं. निष्पापपणे चुकलेल्या माहितीवर ते किती ताणता येईल, यावर वाद घालता येतो.

मात्र इथे रुग्णालयाचं कपट होतं आणि त्याच कपटामुळे बाई या व्यवहारात आल्या होत्या. व्यवहारात आल्या नसत्या तर बोअरशी त्यांचा संबंधच आला नसता. म्हणून टँकरचा खर्च रुग्णालयाच्या कपटाखाली मागितला. १९९६ च्या स्मिथ न्यू कोर्ट या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या निवाड्यात अशीच मांडणी आहे: शेअर एका कपटी विधानामुळे घेतले, किंमत कोसळली ती कंपनीत आधीच झालेल्या दुसऱ्याच कुणाच्या लबाडीमुळे, तरी पूर्ण तोटा पहिल्या कपट करणाऱ्यावर पडला. हा निवाडा आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण त्यातला विचार वाचून दाखवता येतो. एकच बिल, एका विधानाखाली मागितलं तर डळमळीत आणि दुसऱ्याखाली मागितलं तर भक्कम.

काय केलं

पहिली चिंता १५ फेब्रुवारीच्या चेकची होती. ९ तारखेला सत्य कळलं आणि १५ तारखेला दोन लाख वटले. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २७ नुसार, ज्याने स्पष्टपणे किंवा वागण्यातून करार कायम केला त्याला करार रद्द करून द्यायला न्यायालय नकार देऊ शकतं. चेक नोव्हेंबरमध्येच दिलेला होता, आणि तेव्हा हातात फक्त एका अधिकाऱ्याचं तोंडी बोलणं होतं, मेल सापडला तो मार्चमध्ये. हा खुलासा नोटिशीतच लिहिला, विचारायची वाट पाहिली नाही.

नोटीस १९ मार्चला गेली. करार रद्द केल्याचं त्यात स्वच्छ शब्दांत कळवलं. लाँड्री लगेच बंद केली असती तर उरलेले लॉजही गेले असते आणि परत द्यायला फक्त लोखंड उरलं असतं. म्हणून ताबा घ्यायला या असं सांगितलं आणि तोवर दोघांच्या हितासाठी, वह्या खुल्या ठेवून, काम चालू ठेवतो असं लिहिलं. हे लिहिलं नसतं तर 'करार रद्द केला म्हणता आणि धंदा चालवता' हा आक्षेप आलाच असता. पुढचे पाच चेक थांबवले. ते वटले नाहीत तर चेक न वटल्याची फौजदारी तक्रार होऊ शकते याची कल्पना बाईंना लेखी दिली. करारच रद्द झाल्याने कायदेशीर देणं उरत नाही, हा बचाव तयार ठेवला.

पोलिसांत गेलो नाही. मेल हातात असताना दिवाणी दावा मजबूत होता, आणि विक्रेते पैसे परत करण्याच्या स्थितीत राहायला हवे होते.

एक अडचण बाईंच्या बाजूची होती. जानेवारीत त्यांनी एक जुना ड्रायर ६०,००० ला विकून नवा ३.८ लाखांना घेतला होता. दोन्ही बाजूंना पूर्वस्थितीत आणता येत नसेल तर करार रद्द होत नाही, असं समोरून आलं. कायद्याचा शब्द मात्र 'बऱ्याच अंशी' असा आहे, आणि त्याच विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३० खाली न्यायालय रद्द करून घेणाऱ्याला मिळालेला लाभ परत करायला आणि भरपाई द्यायला सांगू शकतं. आम्ही नवा ड्रायर काढून नेण्याची आणि जुन्याचे ६०,००० वजा देण्याची तयारी आधीच दाखवली.

दावा जूनमध्ये दाखल केला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम ४ प्रमाणे कपटाचे तपशील द्यावे लागतात: कोण, कधी, काय बोललं, ते खोटं आहे हे त्याला कशावरून माहीत होतं. तारखा आणि मेल तसेच्या तसे लिहिले, मेलसोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलं. पाण्याचं विधान वेगळ्या परिच्छेदात, कलम १८ खाली. मुख्य मागणी करार रद्द, रक्कम परत आणि कपटाची भरपाई. कपट सिद्ध झालं नाही तर पर्यायी मागणी चुकीच्या निवेदनावरून करार रद्द आणि कलम ७५ ची भरपाई. सगळ्या मागण्या एकाच दाव्यात घातल्या, कारण आदेश २, नियम २ मुळे सोडलेली मागणी नंतर वेगळ्या दाव्यात आणता येत नाही.

कपटाचे तपशील देण्याचा हा नियम कोरडा वाटेल, पण रेडग्रेव्ह विरुद्ध हर्ड या १८८१ च्या इंग्रजी प्रकरणात ते न दिल्याचाच फटका बसला. एका सॉलिसिटरने आपल्या व्यवसायाचं उत्पन्न फुगवून सांगितलं, खरेदीदाराला करार मोडता आला, पण भरपाई मिळाली नाही, कारण विधान खोटं असल्याचं विक्रेत्याला ठाऊक होतं असं खरेदीदाराने कैफियतीत म्हटलंच नव्हतं. इंग्लंडने १९६७ च्या कायद्याने निष्काळजी निवेदनालाही भरपाईची वाट करून दिली. आपल्या करार कायद्यात तशी तरतूद आलेली नाही, त्यामुळे इंग्रजी पुस्तकात ती तरतूद वाचून इकडे भरपाईची आशा धरू नये.

निकाल

प्रकरण मध्यस्थीसाठी पाठवलं गेलं. दुसऱ्या बैठकीत मेल समोर ठेवल्यावर विक्रेत्यांनी रुग्णालयाबद्दल वाद घातला नाही. खरी अडचण वेगळीच होती: मिळालेल्या पैशांतले १८ लाख त्यांनी लाँड्रीवरचं जुनं कर्ज फेडायला वापरले होते. विकत घेणाऱ्याचा हक्क कितीही मोठा असला तरी वसुली समोरच्याच्या ऐपतीएवढीच.

भरपाईचा हिशेब आम्ही असा मांडला: कर्जावरचं सात महिन्यांचं व्याज १.०५ लाख, टँकर १.१२ लाख, सोडलेल्या नोकरीचा पगार २.६६ लाख, एकूण ४.८३ लाख. त्यातून सात महिन्यांत धंद्यातून निव्वळ हाती आलेले १.४ लाख आणि जुन्या ड्रायरचे ६०,००० वजा. उरले २.८३ लाख. पहिल्या मसुद्यातल्या २० लाखांशी याची तुलना करून बाई थोड्या हिरमुसल्या. पण प्रत्येक आकड्यामागे कागद होता, आणि समोरच्या वकिलांना त्यातला एकही खोडता आला नाही. त्यांनी वाद घातला तो फक्त पगारावर.

समझोता झाला तो असा: ३२ लाख परत, त्यातले १४ लाख ताबा देताना, उरलेले १८ लाख नऊ महिन्यांत, भावाच्या हमीवर. भरपाई २.२५ लाख शेवटच्या हप्त्याबरोबर. थांबवलेले चेक परत. त्यानुसार तडजोडीचा हुकूमनामा झाला. शेवटचे दोन हप्ते उशिरा आले, पण आले.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या बाजूने एक चूक झाली. खर्चाची वही मी दावा दाखल करण्याच्या आठवडाभर आधी पाहिली. नोटिशीत पाण्याबद्दल जितकं ठाम लिहिलं होतं तितकं वही पाहिल्यावर लिहिलं नसतं. रुग्णालयाचा मेल नसता तर त्या एका वहीवर प्रकरण घसरलं असतं.

बाईंच्या बाजूने रुग्णालयाला फोन करणं हे उघडच आहे. त्याहून उपयोगी गोष्ट करारनाम्यात करता आली असती. करारनाम्यात यंत्रांची यादी दीड पानाची होती, पण पाणी आणि रुग्णालय यांवर एक ओळही नव्हती. 'बोअरला वर्षभर ताशी चार हजार लिटर पाणी आहे आणि रुग्णालयाची कोणतीही नोटीस आलेली नाही, अशी विक्रेता हमी देतो' असं लिहिलं असतं, तर विधान कराराचा भाग झालं असतं. मग विक्रेत्याचा विश्वास काय होता, कपट की चूक, वही उघडली की नाही, यातलं काहीच विचारावं लागलं नसतं. हमी मोडली, करार कायद्याच्या कलम ७३ खाली भरपाई. टँकरचं बिल लाँड्री स्वतःकडे ठेवूनही मागता आलं असतं.

आणि १२ लाखांचा पहिला हप्ता फेब्रुवारीऐवजी जूनमध्ये ठेवता आला असता. बोअरची खरी परीक्षा मे महिन्यात होते, आणि तोवर बाईंच्या हातात दहाऐवजी पूर्ण बारा लाखांचा आधार राहिला असता: वटलेला तो एक चेक, म्हणजे दोन लाख रुपये आणि करार कायम केल्याचा आक्षेप, दोन्ही टळले असते.